यंदाच्या कृषिसन्मानाच्या मानकरी : राहीबाई पोपेरे

व्यासपीठावरील मान्यवर आणि समोर बसलेल्या माझ्या बचत गटांतील भगिनींनो, यंदाच्या कृषिसन्मानाच्या मानकऱ्यांचा परिचय करून देण्याची संधी मला मिळाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या डोंगरउतारावर कोंभाळणे हे लहानसे गाव आहे. या गावातील महादेव कोळी समाजाच्या राहीबाई सोमा पोपेरे शाळेत कधी गेल्या नाहीत. मात्र कोणता वाल कोणत्या मातीत धरतो, कोणत्या वेलावरची शेंग बियाण्यासाठी राखायची आणि ती वेलावर किती वाळू द्यायची, हे त्यांना अचूक ठाऊक आहे. गावोगावी हायब्रीड बियाणे आले, उत्पन्न वाढले, पण त्या पिकाचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले तर तसेच पीक येत नाही, म्हणून दर हंगामाला दुकानाची पायरी चढणे आले. त्यातच घरातील नातवंडाच्या वारंवारच्या आजारपणाने राहीबाईंना आपल्या ताटातील अन्नाचा विचार करायला लावले आणि त्यांनी मागे पडत चाललेली देशी वाणे शोधून, लावून, जपायला सुरुवात केली.

या टेबलावर ठेवलेले मडके आपण पाहिलेच असेल. त्यात राख चोळलेले वालाचे बी आहे आणि वर कडुनिंबाचा पाला आहे. बियाण्याला कीड लागू नये म्हणून आपल्या आज्या हेच करीत असत. माझ्या आजीच्या माळ्यावरही अशी गाडगी होती. ती कधी रिकामी झाली, हे आम्हा कोणाच्या लक्षातही आले नाही, आणि म्हणूनच राहीबाईंच्या कामाची किंमत मला फार वाटते. भात, नाचणी, कडधान्ये, पालेभाज्या आणि वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार त्यांनी स्वतः पिकवून टिकवले. पुढे बाएफ संस्थेची साथ मिळाली, घरातच बीज बँक उभी राहिली आणि परिसरातील बायकांच्या परसबागांत ही वाणे पुन्हा रुजली. बियाणे घरात असले की पेरणीचा निर्णय बाईच्या हातात राहतो, हे आपल्यापैकी अनेकींनी अनुभवले आहे.

‘बीजमाता’ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. बीबीसीने 2018 मध्ये जगभरातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचा समावेश केला. त्यानंतर त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते नारीशक्ती पुरस्कार आणि 2020 सालची पद्मश्री मिळाली.

राहीबाई, आपण पुढे यावे, अशी मी आदरपूर्वक विनंती करते. सन्मानपत्र आणि साडी-चोळी देऊन आपला सत्कार आमच्या गटांतील सर्वांत ज्येष्ठ आजी करतील. भगिनींनो, आपण सर्वांनी उभे राहून, टाळ्यांच्या गजरात त्यांचे स्वागत करावे.