विषय : चुकीची वस्तू मिळाल्याबाबत आणि अडवून ठेवलेल्या ₹ 9,240 च्या परताव्याबाबत तक्रार (ऑर्डर क्र. PM-2508-61734)

दि. 15 सप्टेंबर 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

मी राजारामपुरी, कोल्हापूर येथे घरीच साड्यांना फॉल-पिको आणि ब्लाउज शिवून देण्याचे काम करते. 18 ऑगस्ट रोजी तुमच्या अ‍ॅपवरून मी पिको मशीन (फक्त हेड, स्टँड आणि मोटरशिवाय) मागवले. डिलिव्हरी चार्जसह ₹ 9,240 यूपीआयने त्याच वेळी भरले.

23 ऑगस्टला पार्सल आले. खोक्यात बॅटरीवर चालणारे, हातात धरायचे प्लास्टिकचे छोटे शिलाई यंत्र निघाले. स्टेपलरएवढ्या त्या यंत्रासोबत दोऱ्याच्या चार रिळी होत्या, बाकी खोके कागदाच्या बोळ्यांनी भरलेले होते. खोके उघडतानाचा व्हिडिओ आहे. त्याच संध्याकाळी मी अ‍ॅपवर तक्रार नोंदवून फोटो आणि व्हिडिओ जोडले. रिटर्न मंजूर झाला, 26 तारखेला तुमचा माणूस येऊन वस्तू घेऊन गेला आणि 30 ऑगस्टला ती गोदामात पोहोचल्याचे अ‍ॅपने दाखवले. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. डिलिव्हरी करणारा आणि परत न्यायला आलेला, दोघेही नीट वागले. त्यांच्यावर कृपया काही ढकलू नये.

4 सप्टेंबरला मात्र अ‍ॅपवर हा संदेश आला :

Refund rejected: returned item does not match the item ordered.

परत आलेली वस्तू ऑर्डरशी जुळत नाही, म्हणून पैसे मिळणार नाहीत. अहो, जुळत नाही हीच तर माझी पहिल्या दिवसापासूनची तक्रार आहे! तुम्ही जे पाठवले तेच मी परत दिले. पिको मशीन माझ्याकडे आलेच नाही, तर ते परत कुठून देणार? तुमच्या गोदामातल्या तपासणीने माझे म्हणणे खरे ठरवले आहे, आणि त्याच आधारावर माझा परतावा नाकारला आहे.

यात माझ्या शब्दावर विश्वास ठेवायचीही गरज नाही. सोबतच्या पहिल्या फोटोत पार्सलवर तुम्हीच चिकटवलेले लेबल आहे. त्यावर वजन छापले आहे 1.2 किलो. पिको मशीनचे हेड बिडाचे असते, एका हाताने उचलत नाही. 1.2 किलोच्या खोक्यात ते असूच शकत नाही. म्हणजे चूक पार्सल माझ्या दारात येण्याआधी, पॅकिंगच्या वेळीच झाली आहे. पार्सल पाठवतानाच्या आणि रिटर्नच्या वजनाची नोंद तुमच्याकडे असणारच. दोन्ही समोरासमोर ठेवून पाहावे.

चॅटवर दर वेळी नवा प्रतिनिधी येतो, पहिल्यापासून सगळे विचारतो आणि "48 तास थांबा" म्हणून चॅट बंद करतो. फोटो कोणी उघडून पाहिल्याचे दिसत नाही. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला लिहीत आहे.

22 सप्टेंबरला घटस्थापना आहे. नवरात्रात नेसायच्या साड्या बायका आधीच फॉल-पिकोला टाकतात. यंदा त्या साड्या मी घेते, पिकोसाठी दुसऱ्याकडे पाठवते आणि मजुरी त्याला देते. ₹ 9,240 तुमच्याकडे अडकल्यामुळे दुसरे मशीनही घेता येत नाही. तुमच्या हिशेबात ही रक्कम लहान असेल, माझ्या घरात नाही.

माझी मागणी अशी आहे. नकाराचा निर्णय रद्द करून पूर्ण ₹ 9,240 ज्या खात्यातून भरले त्याच खात्यात जमा करावेत आणि व्यवहाराचा यूटीआर क्रमांक कळवावा, म्हणजे बँकेत चौकशी करता येईल. वॉलेट बॅलन्स किंवा कूपन मला नको. माझ्या खात्यावर चुकीच्या रिटर्नचा शेरा मारला असेल तर तो काढावा. तसेच विक्रेत्याचे नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता आणि ईमेल मला द्यावा. ग्राहकाने लेखी मागितल्यावर ही माहिती देणे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तुम्हाला बंधनकारक आहे. हे पत्र ती लेखी मागणी समजावी.

याच नियमांप्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्याच्या आत व्हायला हवे. माझ्या मूळ तक्रारीचा महिना 23 सप्टेंबरला पूर्ण होतो. तोपर्यंत पैसे जमा झाले नाहीत, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवेन आणि कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा दाखल करेन. ग्राहक राहतो तिथल्या आयोगात दावा करता येतो आणि एवढ्या रकमेच्या दाव्याला फी लागत नाही, याची मी चौकशी केली आहे. तिथे मूळ रकमेबरोबर व्याज आणि बुडालेल्या मजुरीची भरपाईही मागेन.

या पत्राचे उत्तर फोनवर नको, याच ईमेलवर लेखी द्यावे.

आपली,
सुजाता पाटील
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत : पार्सलवरील लेबलचा आणि आतल्या वस्तूचा फोटो, खोके उघडतानाचा व्हिडिओ, यूपीआय पावती, रिटर्न नेल्याची पोच, 4 सप्टेंबरच्या संदेशाचा स्क्रीनशॉट.