चमचा, मध आणि पाणी : श्यानतेची ओळख

विद्यार्थी मित्रांनो, टेबलावर सारख्याच उंचीची दोन काचेची नळकांडी आहेत. एकात पाणी आहे, दुसऱ्यात मध. स्टीलचे हे दोन चमचे एकाच संचातले आहेत. पहिला चमचा पाण्यात सोडतो. तळाशी आपटल्याचा आवाज तुम्ही मोजायला सुरुवात करण्याआधीच आला. आता दुसरा मधात सोडतो. मोजत राहा, आणि तोवर मी काय म्हणतो तेही ऐका.

मध पाण्यापेक्षा जड असल्यामुळे चमचा हळू जातो, असे उत्तर दरवर्षी मिळते. आपण मधाला ‘दाट’ म्हणतो आणि त्या शब्दामुळे घनतेकडे वळतो. हे उत्तर आकड्यांवर तपासून पाहू. पाण्याची घनता दर घन सेंटीमीटरला 1 ग्रॅम, मधाची सुमारे 1.4 आणि स्टीलची सुमारे 7.8 असते. प्लावक बल वजा केल्यावर चमच्याला खाली ओढणारे बल पाण्यापेक्षा मधात जेमतेम सहा टक्क्यांनी कमी भरते. एवढ्याशा फरकाने चमचा असा रेंगाळणार नाही. शिवाय खाद्यतेल पाण्यावर तरंगते, तरीही ते पाण्यापेक्षा संथ वाहते.

मग चमच्याला अडवते कोण? चमच्याला लागून असलेला मधाचा थर त्याला चिकटून त्याच्याबरोबर खाली जातो, काचेला लागलेला थर मात्र जागचा हलत नाही, आणि या दोहोंमधले थर वेगवेगळ्या वेगांनी एकमेकांवरून घसरतात. या घसरण्याला द्रवातून जो अंतर्गत विरोध होतो, त्याच्या मापाला श्यानता म्हणतात. तिचे एकक पास्कल-सेकंद आहे. 20 अंश सेल्सिअसला पाण्याची श्यानता सुमारे 0.001 पास्कल-सेकंद असते, तर मधाची, त्यातील पाण्याच्या प्रमाणानुसार, त्याच्या हजारो पट.

मधातला चमचा एका संथ, जवळजवळ स्थिर गतीने उतरतो आहे, हेही पाहून ठेवा. विरोध वेगाबरोबर वाढतो. प्लावक बल आणि हा विरोध मिळून वजनाइतके झाले की वेग वाढायचा थांबतो. हाच अंतिम वेग. संथ गतीने पडणाऱ्या गोलासाठी त्याचे सूत्र स्टोक्स यांच्या 1851 सालच्या नियमातून मिळते. चमचा गोल नाही, म्हणून ते सूत्र इथे जसेच्या तसे लावू नका. पाण्यातल्या चमच्याला तर ते मुळीच लागू पडत नाही, कारण तिथला विरोध मुख्यतः पाणी बाजूला ढकलावे लागल्यामुळे होतो. श्यानतेचा वाटा त्यात थोडाच असतो.

हे तिसरे नळकांडे तासभर कोमट पाण्यात ठेवले होते. आत तोच मध आहे, तेवढ्याच उंचीपर्यंत. थर एकमेकांवरून घसरण्याला होणारा विरोध उष्णतेने कमी होत असेल, तर चमच्याला लागणारा वेळ किती बदलेल, याचा प्रत्येकाने आधी वहीत अंदाज लिहावा. मग मी तो सोडतो.