रिचर्डच्या घरातली धून

दादा नोकरीसाठी परगावी गेल्यावर त्याच्या कपाटाच्या तळाशी ईराला हातात धरून खेळायचा करड्या रंगाचा जुना गेम बॉय सापडला. त्यात 1993 सालचे ‘लिंक्स अवेकनिंग’ या खेळाचे कार्ट्रिज तसेच खोचलेले होते. चार पेन्सिल सेल घालून तिने तो सुरू केला, तेव्हा हिरवट पडद्यावर दादाचे नाव उमटले. इतक्या वर्षांनंतरही कार्ट्रिजमधल्या बटणाएवढ्या बॅटरीने त्याचा खेळ जपून ठेवला होता. त्याच्या खेळाला धक्का लागू नये म्हणून तिने दुसऱ्या रिकाम्या जागेवर स्वतःचे नाव घातले आणि रोज संध्याकाळी ती थोडी थोडी पुढे जाऊ लागली.

अकराव्या दिवशी ती खेळातल्या रिचर्डच्या घरात शिरली. उड्या मारणाऱ्या बेडकांमध्ये राहणारा हा सरदार तिच्याकडे सोन्याची पाच पाने मागत होता. एवढ्यात दादाचा फोन आला. गेम बंद न करता तिने तो मांडीवर ठेवला आणि किल्ल्यात ती पाने नेमकी कुठे शोधायची, हे ती दादाला विचारू लागली. दादाचे सांगणे रंगात आले होते, तोच मांडीवरचे संगीत बदलले आणि एक छोटीशी, काहीशी खट्याळ धून वाजली.

“हे काय होते?” बोलता बोलता थांबून दादाने विचारले.

“मी काहीच केले नाही. नुसती उभी आहे.”

दादा क्षणभर गप्प राहिला. मग एकेक शब्द तोलत तो म्हणाला, “या खेळाच्या संगीतकारांपैकी एक होते काझुमी तोताका. एकोणीस स्वरांची हीच धून त्यांनी अनेक खेळांत लपवून ठेवली आहे. दुसऱ्या एका खेळात मी ती ऐकली होती. पण यातही ती असेल, हे माझ्या मनातही आले नाही.”

“तू तर हा खेळ चार वेळा पूर्ण केलास.”

“हो, पण त्या घरात मी कधी थांबलोच नाही. बोलणे संपले, की धावत बाहेर.”

आजवर या खेळातली प्रत्येक वाट तिला दादानेच दाखवली होती. चारही बटणे एकदम दाबून खेळ जतन करायचा, हेसुद्धा तिने त्याच्याच मांडीवर बसून पाहिले होते. म्हणूनच फोनवरचा त्याचा हा अडखळता स्वर तिला अगदी नवा वाटला.

“पुन्हा वाजेल का ग?” त्याने विचारले.

ईराने खेळाचा नायक असलेल्या लिंकला दाराबाहेर नेऊन परत आत आणले, बाजूची चकती फिरवून आवाज पूर्ण वाढवला आणि फोन गेम बॉयला टेकवला. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा दोनदा फिरून तिसऱ्या फेरीत शिरला. तोवर पलीकडून दादा एक शब्दही बोलला नव्हता आणि तिनेही बटणांवरून बोटे दूर ठेवली होती.