मागे वळून बघणारा पोरगा आणि तीन लेबलं

मामा, मागे वळून बघणाऱ्या पोराचा, तिघांवर तीन लेबलं टाकलेला तो मीम मी पाठवला आणि तू काल विचारलंस ना की "यात हसण्यासारखं नक्की काय, पोरगा लफडेबाज आहे एवढंच दिसतंय", तर उत्तर दोन ओळीत मावत नव्हतं म्हणून आत्ता निवांत टाइप करतेय. मीम समजावून सांगितला की मरतो म्हणतात पण हा मरून मरून जिवंत झालेला आहे त्यामुळे टेन्शन नाही.

आधी फोटो नीट बघ. डावीकडे लाल ड्रेसमधली मुलगी पुढे चाललीये, ती ब्लर आहे. मधे चेक्सच्या शर्टातला पोरगा, मान पूर्ण मागे वळवून तिच्याकडे बघतोय, ओठांचा चंबू केलाय शिट्टी मारल्यासारखा. आणि उजवीकडे त्याची गर्लफ्रेंड, जिचा हात त्याने अजून धरलेला आहे (हे महत्त्वाचं, हात सोडलेला नाहीये!) आणि तिच्या चेहऱ्यावर "अरे शी, खरंच?" असे भाव. आता हे खऱ्या आयुष्यात कोणी असं करतं का? एवढी मान वळवून, एवढा चंबू करून? कोणीच नाही. तिघंही ओव्हरॅक्टिंगचं दुकान उघडून बसलेत, आणि पहिलं हसू तिथेच आहे.

ओव्हरॅक्टिंग का, तर हा स्टॉक फोटो आहे. म्हणजे वेबसाइट, जाहिराती, लेख यांना विकायला आधीच काढून ठेवलेले फोटो असतात ना, "ऑफिसात हसणारी माणसं", "डोकं धरून बसलेली बाई" वगैरे, त्यातला. आंतोनियो गिएम नावाच्या स्पॅनिश फोटोग्राफरने 2015 मध्ये कॅटलोनियातल्या जिरोना शहरात काढला, तिघंही मॉडेल. विषय ठरलेला होता, बेवफाई, पण जरा गंमतीत. स्टॉक फोटोची अटच अशी की लेख कोणताही असो, फोटो एका सेकंदात कळला पाहिजे, म्हणून हावभाव ठळक आणि माणसं मात्र कोणीही नसलेली, ना नाव ना गोष्ट. आणि नेमकं याच्यामुळेच तो मीमसाठी परफेक्ट निघाला, कारण भावना काठोकाठ भरलेली आणि माणसं रिकामी, मग त्या रिकाम्या जागी तू काहीही बसव.

पहिल्यांदा ते बसवलं 2017 च्या जानेवारीत, एका तुर्की फेसबुक पेजवर, प्रोग्रेसिव्ह रॉकवाल्या लोकांनी. पोरगा म्हणजे फिल कॉलिन्स, लाल ड्रेस म्हणजे पॉप, आणि चिडलेली गर्लफ्रेंड म्हणजे प्रोग्रेसिव्ह रॉक. फिल म्हणजे जेनेसिस या प्रोग्रेसिव्ह रॉक बँडवाला माणूस, पुढे पॉपकडे सरकला, त्याच्यावर जुन्या फॅन लोकांचा राग. त्या पेजवरच्यांना तो टोमणा बरोबर लागला असणार पण जगभर तेव्हा काही झालं नाही. उडाला तो त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. पोरगा "तरुण पिढी", लाल ड्रेस "समाजवाद", गर्लफ्रेंड "भांडवलशाही", असला एक फिरला आणि मग सुटलाच.

माझा फेव्हरेट त्याच महिन्यातला आहे. 21 ऑगस्ट 2017 ला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण होतं. लाल ड्रेस: सूर्यग्रहण. पोरगा: मी. गर्लफ्रेंड: सूर्याकडे बघू नये याचे शास्त्रीय पुरावे. आता यात गंमत कशी बसलीये बघ. आपण डावीकडून उजवीकडे वाचतो, म्हणजे आधी मोह दिसतो, मग मोहात पडलेला माणूस, आणि सगळ्यात शेवटी ती, जिला तो विसरलाय. पंचलाइन कायम गर्लफ्रेंडच्या लेबलवर येते. म्हणून अनुभवी लोक तिथेच सगळ्यात लांब, रटाळ, सरकारी भाषेतलं लेबल टाकतात, आणि ते रटाळ वाक्य त्या भडकलेल्या चेहऱ्यावर चिकटलं की फुटतं. वर ग्रहणाच्या केसमध्ये "बघणं" हाच गुन्हा आहे, म्हणजे फोटोतली कृती आणि जोकमधली कृती एकच झाली, हे दर वेळी जमत नाही.

आणि तू जे म्हणालास ना लफडेबाज, तर तो कधी "तो" नसतोच रे. बहुतेक वेळा त्याच्यावर "मी" लिहिलेलं असतं. पब्लिक स्वतःलाच नालायक ठरवून हसतंय, समोर काम पडलंय आणि मी तिसरंच काहीतरी बघतोय. बेवफाईएवढं मोठं पाप फोटोत, आणि लेबल वाचावं तर गुन्हा काय, अर्धवट पुस्तक सोडून नवं घेतलं! मोठा अपराध आणि चिल्लर कारण, या फरकात सगळा जोक आहे.

यावरचा पुढचा थर असा की लोकांनी याच मॉडेल्सचे बाकीचे स्टॉक फोटो शोधून काढले आणि त्यांची अख्खी सिरियल जुळवली. त्यात ती गर्लफ्रेंड एकटीच मोबाइल नाहीतर लॅपटॉपकडे बघून दर वेळी हादरलेली, फोटोमागून फोटो. म्हणजे बाई आयुष्यभर शॉकमध्येच आहे. माणसं रिकामी होती म्हटलं ना, तर लोकांनी त्यांना आयुष्यच देऊन टाकलं.

मग कंपन्या घुसल्या, आणि कंपनी घुसली की मीमचं वय झालं समजायचं. स्वीडनमध्ये बानहोफ नावाच्या इंटरनेट कंपनीने 2018 मध्ये नोकरीच्या जाहिरातीला हाच वापरला, पोरगा म्हणजे तुम्ही, लाल ड्रेस म्हणजे आम्ही, गर्लफ्रेंड म्हणजे तुमची सध्याची नोकरी. तिथल्या जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेने ती जाहिरात बायकांना कमी लेखणारी ठरवली, बाई काय बदलून घ्यायची वस्तू आहे का. मला विचारशील तर पॉइंट बरोबरच आहे. आपण लेबलं वाचण्याच्या नादात खालचा फोटो बघायचं सोडूनच दिलं होतं, त्यांनी परत बघायला लावलं.

बाय द वे, हे सगळं नवीन पण नाहीये. जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकाराचं 1761 च्या सुमाराचं एक चित्र आहे, नट डेव्हिड गॅरिक मधे, एका बाजूला कॉमेडी नावाची बाई त्याला ओढून नेतेय, दुसऱ्या बाजूला ट्रॅजेडी नावाची बाई गंभीर चेहऱ्याने सुनावतेय, आणि हा कॉमेडीकडे सरकत सरकत ट्रॅजेडीला "काय करू, नाइलाज आहे" असं कसनुसं हसतोय. आणि ते चित्रसुद्धा टिंगलच होती, सद्गुण आणि सुख यांच्यात अडकलेल्या हर्क्युलिस या ग्रीक वीराच्या जुन्या विषयाची. बायकांवर लेबलं लावायचा उद्योग तेव्हापासून चालू आहे, फक्त गॅरिकला निदान लाज वाटतेय, आपल्या चंबूवाल्याला तीही नाही.

आता मी पाठवलेला वाच परत. लाल ड्रेस: नवीन टेम्प्लेट. पोरगा: इंटरनेट. गर्लफ्रेंड: हाच मीम. टेम्प्लेट म्हणजे लेबलं टाकायचा कोरा फोटो, तर मीम स्वतःच म्हणतोय की मी जुना झालो, मला सोडून चाललेत सगळे. पण हे सांगायला वापरलाय कोणाला? त्यालाच! जुना झालाय म्हणत म्हणत परत एकदा चालवून घेतला. त्यात बनवणाऱ्याला हेही माहितीये की असा स्वतःवरचा जोक आधीच शंभर जणांनी केलाय, तरी करतोय, आणि बघणारा "परत तेच" म्हणून वैतागून हसतो, म्हणजे जोक शिळा असणं हाच त्यातला मसाला झाला. तू थेट या मजल्यावर लिफ्टने आलास, खालचे मजले न बघता, म्हणून तुला फक्त लफडं दिसलं.

मामीला पाठवणार असशील तर ग्रहणवाला पाठव, हा नको.