घाऊक खरेदीसाठी प्रस्ताव: पापड, वाळवण, तिखट-मसाला आणि चिवडा

दिनांक: ५ जानेवारी २०२६

प्रति,
खरेदी विभाग,
होस्टेल मेस, कंपनी कँटीन, केटरर आणि किराणा घाऊक व्यापारी,
नागपूर, हिंगणा आणि बुटीबोरी

सप्रेम नमस्कार,

मानेवाडा भागातल्या आम्ही चौदा जणी बचत गटातून पापड, कुरडया, मुगवड्या, तिखट, सावजी मसाला आणि पातळ पोह्यांचा चिवडा करतो. आजवर आमचा बहुतेक माल ओळखीच्या घरांत, लग्नाच्या रुखवतात आणि दिवाळीच्या फराळात गेला. आता दर महिन्याला ठरलेला माल घेणारे ग्राहक आम्हाला हवे आहेत. म्हणून आमचा माल कसा असतो, किती करू शकतो, भाव काय आणि तो का, हे सगळं या पत्रात मांडलं आहे. सोबत सहा फोटो आणि तपासणी अहवालांच्या प्रती आहेत.

माल आणि त्याचा दर्जा

आमचा मुख्य माल उडीद-मुगाचा पापड. डाळ इतवारीतून घेतो, निवडून, पुसून आमच्याच भागातल्या गिरणीत दळून आणतो. तयार पीठ विकत घेत नाही, कारण त्यात तांदळाचं पीठ किती आहे ते डोळ्यांना कळत नाही. पीठ घट्ट भिजवून तेलाच्या हाताने कुटतो. कुटलेल्या गोळ्याची लाटी ताणली की तुटता कामा नये. तुटली तर गोळा परत उखळात जातो. पापड थोडा वेळ उन्हात आणि नंतर सावलीत वाळवतो. नागपूरच्या एप्रिलच्या उन्हात पूर्ण वाळवला तर कडा वळतात आणि पोत्यात निम्मे तुटतात. कमी वाळला तर पावसाळ्यात बुरशी धरतो. मधला नेम साधायला आमच्यातल्या दोघी जणींचा हात बसलेला आहे, आणि पोतं बांधायचं की नाही हे त्याच ठरवतात.

प्रत्येक घाणातले चार पापड तळून आणि दोन भाजून बघतो. लाल पडला, कडवट लागला किंवा मधे कच्चा राहिला, तर तो घाण बाजूला निघतो. पापडखाराचं प्रमाण वजनकाट्यावर मोजतो, मुठीने नाही. खार जास्त झाला की पापड फुलतो छान, पण तोंडाला चरचरतो.

पाकिटावर घटकांच्या यादीत तुम्हाला गहू लिहिलेला दिसेल. उडदाच्या पापडात गहू कसा, असं बरेच जण विचारतात. बाजारातल्या बांधानी हिंगात मैदा असतो आणि आम्ही तोच हिंग वापरतो. गव्हाचं पथ्य असलेल्या माणसाला हे कळायलाच हवं. चिवड्यात शेंगदाणे आहेत, तेही तसंच ठळक लिहिलेलं आहे. मेस आणि कँटीनमध्ये शेकडो माणसं जेवतात, तिथे ही माहिती स्वयंपाकघरात लावून ठेवावी अशी आमची विनंती आहे.

तिखटासाठी मिरची नवीन पीक आलं की कळमना बाजारातून घेतो. तिखटपणासाठी भिवापूर भागातली आणि रंगासाठी ब्याडगी. देठ काढूनच दळतो, कारण देठासकट दळलं की वजन वाढतं आणि चव उतरते. वरून रंग किंवा तेल घालत नाही. भिवापूर मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणून त्या मिरचीची पक्की पावती हाताशी असेल तेव्हाच पाकिटावर तिचं नाव छापतो. सावजी मसाल्यात सुकं खोबरं घालत नाही. खोबऱ्याने मसाला लवकर खवट होतो. तुमच्या आचाऱ्याने ते ऐन वेळी भाजून वाटून घालावं, रस्साही त्याने चांगला होतो.

चिवड्याचं तळणीचं तेल त्या दिवसापुरतं. उरलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या घाणाला वापरत नाही.

कागदपत्रं

एफएसएसएआयची नोंदणी आहे आणि तिचा १४ अंकी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला आहे. उद्यम नोंदणीही आहे. पापड, तिखट आणि मसाला दर सहा महिन्यांनी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घेतो. शेवटच्या तपासणीत तिखटातला ओलावा ८.६ टक्के आला (नियमाप्रमाणे ११ टक्क्यांपर्यंत चालतो) आणि वरून मिसळलेला रंग आढळला नाही. वापरायच्या पाण्याचाही अहवाल सोबत आहे. आमची एक सूचना: अहवालावरची तारीख आणि बॅच नंबर आधी बघा, मग निकाल बघा. जुन्या बॅचच्या अहवालावर नवीन माल विकला जाऊ नये.

प्रत्येक बॅचचा २०० ग्रॅम नमुना आम्ही सीलबंद करून, मुदत संपेपर्यंत ठेवतो. तुमच्याकडे काही तक्रार निघाली तर तुमचं पाकीट आणि आमचा नमुना शेजारी ठेवून बघता येईल.

सोबतचे फोटो

सगळे फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढले आहेत. रंग वाढवलेले नाहीत.

पहिला फोटो: कच्चा पापड स्टीलच्या पट्टीशेजारी, व्यास साडेसहा इंच. दुसरा: तोच पापड भाजलेला आणि तळलेला. तिसरा: तिखट पांढऱ्या कागदावर पसरलेलं, म्हणजे देठाचे कण असते तर दिसले असते. चौथा: कुरडई तळण्याआधी आणि तळल्यावर, एकाच ताटलीत. पाचवा: पाच किलोच्या पाकिटाची मागची बाजू, घटक, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि मुदत वाचता येईल इतक्या जवळून. सहावा: काम चालू असतानाची खोली, टोप्या आणि अॅप्रन घातलेल्या लाटणाऱ्या जणी, मागे जाळीची खिडकी.

फोटोवर ऑर्डर देऊ नका. आधी नमुना मागवा, तुमच्या कढईत, तुमच्या तेलात तळून बघा.

किती माल देऊ शकतो

लाटायला रोज दहा जणी बसतात आणि एक जण दिवसाला साधारण तीन किलो पापड लाटते. हिशेबाने महिन्याला साडेसातशे किलो होतात, पण आम्ही शब्द देतो तो ६०० किलोचा. घरची लग्नं, आजारपण, शाळेच्या परीक्षा हे सगळं त्या फरकात बसवलेलं आहे. जुलै ते सप्टेंबर मात्र फक्त २५० किलो. पावसाळ्यात विजेवरच्या ड्रायरमध्ये दिवसाला १२ किलोच वाळतात. ज्यांना पावसाळ्यातही जास्त माल लागतो त्यांनी जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत उचलून ठेवावा. कोरड्या जागी पापडाची मुदत सहा महिने आहे.

तिखट आणि मसाला मिळून दिवसाला २५ किलो होतो. चिवडा दिवसाला ४० किलो. दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे चिवड्याची मागणी एवढी असते की नवीन ग्राहक घेत नाही, जुन्यांनाच पुरवतो.

कुरडया आणि कोहळ्याच्या मुगवड्या हा फक्त उन्हाळ्याचा माल. गहू तीन दिवस भिजवून, चीक काढून, शिजवून, सोऱ्याने घालायचं काम मार्च ते मे याच काळात नीट होतं. पूर्ण हंगामात कुरडया ४०० किलो आणि मुगवड्या २५० किलो, त्यापुढे नाही. यांची मागणी २८ फेब्रुवारीपर्यंत कळवा, म्हणजे गहू आणि कोहळे तेवढेच भरता येतील.

संत्रा बर्फी करता का, अशी विचारणा नेहमी येते. करत नाही. खव्याचा माल टिकवायला थंड साठवण लागते आणि ती आमच्याकडे नाही.

भाव (प्रति किलो, ३१ मार्च २०२६ पर्यंत)

| माल | १० ते ४९ किलो | ५० किलो आणि पुढे |
|---|---|---|
| उडीद-मूग पापड | ₹२८० | ₹२६० |
| ज्वारीचे पापड | ₹२४० | ₹२२५ |
| कुरडई (हंगामी) | ₹३३० | ₹३१० |
| मुगवड्या (हंगामी) | ₹३५० | ₹३३० |
| तिखट | ₹३९० | ₹३७० |
| सावजी मसाला | ₹६४० | ₹६१० |
| पोह्यांचा चिवडा | ₹२७० | ₹२५० |

पापडाचा २६० रुपये भाव कसा बसतो तेही सांगतो. डाळ, हिंग, जिरं-मिरी, खार आणि तेल मिळून १२५ रुपये. कुटण्या-लाटण्याची मजुरी ६०. पॅकिंग १५. वीज, तपासणी आणि तुटफूट २०. पोहोचवणं १२. उरलेले २८ रुपये गटाचे, त्यातूनच ड्रायरच्या कर्जाचा हप्ता जातो. घासाघीस करायला हरकत नाही, पण मजुरीच्या ६० रुपयांना आम्ही हात लावणार नाही. दोनशेच्या आत पापड हवा असेल तर तो तांदळाचं पीठ घालूनच होतो. तसा पापड मागवायचा असेल तर आम्हाला सांगू नका.

डाळ आणि मिरचीचे भाव फार हलले तर नवीन भाव पंधरा दिवस आधी कळवू. मान्य झालेल्या ऑर्डरचा भाव बदलत नाही.

आमची उलाढाल ४० लाखांच्या मर्यादेत असल्याने गटाची जीएसटी नोंदणी नाही. बिलावर जीएसटी लागणार नाही आणि त्याचं क्रेडिटही मिळणार नाही. तुमच्या हिशेबनीसाला हे आधी सांगून ठेवावं.

व्यवहार

पहिल्या ऑर्डरला निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली माल उतरल्यावर. तिसऱ्या ऑर्डरपासून पंधरा दिवसांची उधारी. उद्यम नोंदणी असलेल्या आमच्यासारख्या उत्पादकाचं पेमेंट, लेखी करार असला तरी, कायद्याने ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. तिथपर्यंत वेळ येऊ नये अशी कळकळीची विनंती, कारण लाटणाऱ्यांचा हिशेब आम्ही दर शनिवारी चुकता करतो.

नागपूर शहरात २५ किलोच्या वर माल पोहोच मोफत. हिंगणा आणि बुटीबोरीला ऑटोचं प्रत्यक्ष भाडं लागेल. माल एक किंवा पाच किलोच्या खाद्यपदार्थांसाठीच्या पाकिटात येतो. वर्तमानपत्र किंवा स्टेपलची पिन कुठेही नसते. तुटलेले पापड वजनाच्या तीन टक्क्यांपेक्षा जास्त निघाले, तर जास्तीचे तेवढे बदलून देऊ. तक्रार सात दिवसांच्या आत, बॅच नंबरच्या फोटोसह कळवावी.

नमुन्याचा संच मोफत आहे: पापड दोन प्रकारचे, तिखट, मसाला आणि चिवडा, प्रत्येकी २०० ग्रॅम. कुरडई आणि मुगवडी गेल्या हंगामातली थोडी शिल्लक आहे, तीही त्यात घालू आणि वर गेल्या वर्षीची तारीख असेल. ज्या नंबरवरून हे पत्र आलं त्याच नंबरवर पत्ता पाठवा. मंगळवारी आणि शुक्रवारी नमुने घेऊन आमची माणसं निघतात. काम बघायला यायचं असेल तर सकाळी दहा ते चार, रविवार सोडून, आगाऊ न कळवताही या. आत येताना टोपी आम्ही देऊ, चप्पल बाहेर काढावी लागेल.

कळावे,

अध्यक्ष आणि सचिव,
महिला बचत गट, मानेवाडा, नागपूर

सोबत: फोटो सहा, एफएसएसएआय आणि उद्यम नोंदणीच्या प्रती, तिखट, मसाला, पापड आणि पाण्याचे तपासणी अहवाल