सोमवारची पहिली पाळी

डायलिसिसवाल्यांच्या फेसबुक गटात मंदाताईंची पोस्ट रात्री अकरा चाळीसला पडली. बारा वाजेपर्यंत तिच्याखाली साठेक जणांनी लिहिलं होतं.

प्रकाश तेव्हा दोन उशांना टेकून बसला होता. रविवारी रात्री त्याला आडवं होताच येत नाही. शुक्रवारी सकाळी मशीनवरून उठलेल्या माणसाच्या अंगात रविवारच्या रात्रीपर्यंत अडीच-तीन किलो पाणी साचतं. लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेला प्रत्येक घोट आत राहतो, आणि पाठ टेकली की छाती भरून येते. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांचा हा सगळ्यात लांबचा खाडा. डायलिसिसवर असलेली माणसं दगावतात ती या खाड्याच्या शेवटाला जास्त. गटातल्या जुन्या लोकांना हे पाठ आहे. म्हणूनच रविवारी रात्री मिरजेपासून मुखेडपर्यंत कितीतरी जण असेच उशांना टेकून, फोन हातात धरून जागे असतात.

त्याने पोस्ट पुन्हा वाचली.

"माझ्या नवऱ्याला मारलं. आजाराने नाही, माणसांनी मारलं. मंगळवारी मशीनवर दुसऱ्या तासाला यांना थंडी वाजायला लागली. दातावर दात आपटत होते. मी तीनदा सांगितलं. म्हणे एसी कमी करतो, मशीनवर असं होतं. ताप बघितला नाही. दोन चादरी घातल्या आणि चार तास झाल्यावर घरी पाठवलं. बुधवारी पहाटे यांना शुद्ध नव्हती. गुरुवारी गेले. ज्याने मशीन लावलं त्या पोराचा नंबर खाली देतेय. रात्री-अपरात्री फोन करा, झोपू देऊ नका त्याला. कुठं राहतो तेही लिहिलंय. आणि तुम्ही सगळे ऐका. डायलिसिस म्हणजे पैसे घेऊन केलेला खून आहे. उद्यापासून कोणी जाऊ नका."

खाली दहा आकडे. त्याखाली गल्लीचं नाव, आणि कोणत्या दुकानाच्या वरचा मजला तेसुद्धा.

प्रतिक्रियांमध्ये बहुतेकांनी हात जोडले होते. एकाने लिहिलं होतं, "आत्ताच लावला. कट केला हरामखोराने." दुसऱ्याने लिहिलं होतं, "सोलापूरकर असतील त्यांनी सांगा, सकाळी दहा जण जाऊ." प्रकाशने आधी प्रतिक्रिया बंद केल्या. त्याला विचार करावा लागला नाही. उरलेलं मात्र तसं सोपं नव्हतं.

कल्पनाचा निरोप आला. ती पुण्याची, त्याच्याबरोबर गट सांभाळते. तिने स्वतःची किडनी धाकट्या भावाला दिली आहे. "नंबर, पत्ता, उपचार सोडा म्हणणं. तिन्ही नियम मोडलेत. उडव आणि झोप. उद्या कोणी त्या पोराला मारलं तर पोलीस आपल्याही दारात."

पोलिसांची भीती प्रकाशला नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगून ठेवलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल ग्रुप चालवणाऱ्याला सरसकट जबाबदार धरता येत नाही. तो निकाल व्हॉट्सअॅपवरच्या ग्रुपचा होता, पण मुद्दा तोच. दहा जण त्या जिन्यावर चढले, तर प्रश्न कायद्याच्या कलमाचा राहणारच नव्हता.

तरीही बोट पुढे जाईना. कारण पोस्टचा वरचा अर्धा भाग खरा होता.

गळ्यातल्या कॅथेटरवर मशीन लावलं आणि तासाभराने हुडहुडी भरली, तर ती एसीची थंडी समजायची नसते. नळीत जंतू शिरलेले असतात, पंप त्यांना रक्तात ढकलतो. त्याच वेळी कल्चरसाठी रक्त घ्यायचं, डॉक्टरांना बोलवायचं, अँटिबायोटिक सुरू करायचं. प्रकाशच्या शेजारच्या खाटेवर पाटील मास्तरांना असंच झालं होतं. सिस्टरने ओळखलं, म्हणून मास्तर आजही पेपरातलं शब्दकोडं सोडवत मशीनवर बसतात. गटात गळ्यात नळी असलेले कितीतरी जण होते. हातातली धमनी नसेला जोडून करतात तो फिस्टुला अजून तयार व्हायचा होता किंवा एकदा करून फसला होता. त्या सगळ्यांनी मंदाताईंची पहिली दहा वाक्यं वाचायलाच हवी होती.

ती तेवढी ठेवून खालची काढता आली असती तर प्रश्नच नव्हता. पण फेसबुकवर दुसऱ्याच्या लिहिण्यातला एक शब्दही बदलता येत नाही. ठेवायची तर पूर्ण, काढायची तर पूर्ण.

आणि मंदाताई काही परक्या नव्हत्या. बटाटा कसा खायचा हे अर्ध्या गटाला त्यांनी शिकवलं होतं. सालं काढून बारीक फोडी करायच्या, भरपूर पाण्यात भिजवायच्या, ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात उकळायच्या, तेही ओतून द्यायचं. पोटॅशियम बरंच निघून जातं. मग लसूण-मिरचीवर परतायचं. "चव जाते म्हणू नका, माझे हे दोन वाट्या खातात," असं लिहून त्यांनी नवऱ्याचा ताटावरचा फोटो टाकला होता. गळ्याशी पट्टी, चेहऱ्यावर हसू.

त्या बाईने मंगळवारी तीनदा सांगितलं आणि कोणी ऐकलं नाही. आता चौथ्यांदा सांगतेय, तर आपण तिचं तोंड दाबायचं?

प्रकाशने डावा हात कानाशी नेला. फिस्टुलाची घरघर सुरू होती. ही त्याची रोजची सवय, झोपण्याआधी ऐकून घ्यायचं की नस चालू आहे. मग तो प्रतिक्रिया पुन्हा खालपासून वाचू लागला. मघाशी शिव्यांच्या गर्दीत एक राहून गेली होती.

"ताई, माझंही मन उडालंय या सगळ्यावरून. उद्या मी जात नाही."

बार्शीचा सचिन. वय सव्वीस. सोमवारची पहिली पाळी. शनिवारी दुपारीच त्याने विचारलं होतं की पायावर बोट दाबलं तर खड्डा राहतो, काय करू. प्रकाशने उत्तर दिलं होतं की पाणी तोडा, सोमवार चुकवू नका.

त्याने सचिनला फोन लावला. बंद.

मग त्याला काही ठरवायला उरलं नाही. पोस्ट जाणार होती. ती किती खरी होती याने फरक पडत नव्हता. या घटकेला ती कोण वाचतंय, याने पडत होता. पण न सांगता काढायची नाही, एवढं त्याने स्वतःशी पक्कं केलं. सगळा मजकूर उचलून त्याने फोनमधल्या नोंदवहीत ठेवला, फक्त नंबर आणि पत्ता वगळला. मग मंदाताईंना फोन लावला. बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. सुतकातलं घर, अशा वेळी. पण त्या जाग्या आहेत हे दिसत होतं.

पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला दादा. काढायला सांगायला फोन केलाय ना?"

"काढतोय, ताई. काढायच्या आधी तुम्हाला सांगायला केलाय."

पलीकडे काही वेळ फक्त वारा ऐकू आला. बहुतेक गच्चीवर होत्या.

"तुम्हीसुद्धा त्यांच्यातलेच," त्या म्हणाल्या. "तुमचं बरंय. तुमचं मशीन नीट चालतं, तुमचे डॉक्टर चांगले. आमचं माणूस गेलं त्याचं काय? चार ओळी लिहिल्या, त्यापण खुपल्या तुम्हाला. त्याला म्हटलं, बाळा, हात लावून बघ, अंग बघ कसं भाजतंय. फोनमधून मान वर केली नाही त्यानं. त्याला झोप लागते, आणि मला..."

त्या बोलत राहिल्या. प्रकाशने मध्ये तोंड घातलं नाही. शिव्या आल्या, त्याही ऐकल्या. त्या थांबल्या तेव्हा तो म्हणाला, "तो चुकला, ताई. ते मी नाकारत नाही. थंडी वाजली तर बघायचं असतं, हे त्याला कोणी शिकवलं नसेल तर शिकवणारे चुकले, आणि शिकवलं असून बघितलं नसेल तर तो. पण त्याच्या घरी जिन्यावर दहा माणसं चढली, तर उद्या पेपरात त्याची बातमी येईल. भाऊंची येणार नाही. डॉक्टरांवर, दवाखान्यावर हात टाकला तर २०१० चा कायदा आहे आपल्याकडे, तीन वर्षं आत. ती शिक्षा आपल्याच माणसांना होईल."

"होऊ दे."

"बरं. सचिनचं काय करू?"

"कोण सचिन?"

"बार्शीचा. तुमच्या पोस्टखाली लिहिलंय त्याने, उद्या मशीनवर जात नाही. दोन दिवसांपासून पाय सुजलेत त्याचे. फोन लावला, बंद आहे."

मंदाताई बोलल्या नाहीत. मग एकदम तोंडावर पदर धरल्यासारखा आवाज आला.

"तो येडा पोरगा? रोज विचारायचा, काकू, आज वांगं चालंल का म्हणून. मी त्याला कुठं सांगितलं जाऊ नको?"

"सगळ्यांना सांगितलंय तुम्ही, ताई."

"रागात लिहिलं."

"माहीत आहे मला."

"काढा," त्या म्हणाल्या. "काढा ते."

त्याने काढली. मग म्हणाला, "आता सांगा, मी लिहून घेतो. तुमच्या नावानेच जाईल. तुम्ही सांगाल तसं."

त्या सांगत गेल्या, तो अंगठ्याने टिपत गेला. मंगळवार. दुसरा तास. तीनदा सांगितलं. ताप मोजला नाही. त्यांनी एकदा केंद्राचं नाव घेतलं. प्रकाश म्हणाला, "नाव इथे नको. नाव अर्जात. उद्या सकाळी केंद्रात लेखी अर्ज द्या की यांचे सगळे कागद हवेत. डॉक्टरांना ७२ तासांत द्यावे लागतात, तसा नियम आहे. पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका. मंगळवारच्या तक्त्यावर ताप, बीपी काय लिहिलंय ते बघू. कोरं असेल तर तेही लिहिलेलंच समजायचं. त्यावरून सिव्हिल सर्जनकडे तक्रार करता येईल, डॉक्टरांविरुद्ध वैद्यक परिषदेकडे."

"मला कुठं येतंय अर्ज करायला?"

"मी लिहून पाठवतो. तुमचा पुतण्या छापून आणेल."

नव्या मजकुराची शेवटची ओळ त्यांनी स्वतः सांगितली. ती त्याने एक अक्षरही न बदलता लिहिली: "गळ्यात नळी असेल आणि मशीनवर थंडी वाजली तर गप बसू नका, आरडाओरडा करा, रक्त तपासल्याशिवाय घरी जाऊ नका, पण मशीन सोडू नका."

"टाकू?"

"थांबा. त्या पोराचा फोन लागत नाही म्हणालात ना? त्याच्या आईचा आहे माझ्याकडं. ती माऊली अर्ध्या रात्रीसुद्धा उचलते. मी लावते. पाचला त्याला रिक्षात बसवल्याचं मला कळव म्हणून सांगते."

"बरं."

"आणि तो अर्ज कधी पाठवताय?"

"दहाला मशीनवरून उठतो. अकरापर्यंत पाठवतो."

"अकरा म्हणजे अकरा, दादा. मी केंद्राच्या दारात उभी असणार आहे."