सर्वधर्मीय प्रार्थना व मौन कक्ष : वापराचे धोरण (हरकती-सूचनांसाठी मसुदा, शैक्षणिक वर्ष २०२६-२७)

१. कक्ष कशासाठी

ग्रंथालयामागची तळमजल्यावरची जुनी अभ्यासिका विद्यापीठ प्रार्थना, ध्यान आणि मौन यांसाठी देत आहे. आजवर जिन्याच्या वळणावर नमाज, वसतिगृहाच्या गच्चीवर सामायिक, मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात जपमाळ असे जमेल तिथे चालत आले. कोणी अडवत नव्हते, पण हक्काची जागाही नव्हती. ती देणे हे विद्यापीठाचे काम आहे, अशी समितीची धारणा आहे.

कक्ष कोणत्याही एका धर्माचा नाही. देव न मानणाऱ्या विद्यार्थ्यालाही परीक्षेआधी किंवा घरून वाईट बातमी आल्यावर दहा मिनिटे शांत बसावेसे वाटते. त्याचा इथला हक्क इतरांइतकाच आहे.

संविधानाच्या २५व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे आणि उपासनेचे स्वातंत्र्य दिले आहे. शासनमान्य शिक्षणसंस्थेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक उपासनेला हजर राहायला लावता येत नाही, असे २८वा अनुच्छेद सांगतो. म्हणून कोणत्याही विभागाने, वसतिगृहाने किंवा विद्यार्थी संघटनेने इथली हजेरी सक्तीची करू नये आणि तिला गुण, श्रेयांक वा सवलत जोडू नये. धार्मिक शिक्षणाचे वर्ग, प्रवचनमाला आणि धर्मप्रसार यांना कक्षात परवानगी नाही.

२. प्रवेश

कक्ष रोज सकाळी ६ ते रात्री १० उघडा राहील. परीक्षाकाळात तो रात्री ११ वाजता बंद होईल. विद्यार्थी, प्राध्यापक आणि कर्मचारी ओळखपत्र दाखवून येतील. सफाई, सुरक्षा आणि खानावळीतले कंत्राटी कामगारही यात आले. त्यांच्याकडे विद्यापीठाचे ओळखपत्र नसते, म्हणून कंत्राटदाराचा पास पुरेसा धरावा. पाहुण्याने यजमानाबरोबर यावे.

दारावरच्या नोंदवहीत फक्त वेळ आणि येणाऱ्यांची संख्या लिहायची. नाव, धर्म, जात लिहायची नाही, विचारायचीही नाही. कोण कधी प्रार्थनेला गेले याची यादी विद्यापीठाने जवळ ठेवू नये, यावर समिती ठाम आहे.

मासिक पाळी, जात, लिंग किंवा वैवाहिक स्थिती यांवरून कोणालाही दारात थांबवता येणार नाही. एखाद्या गटाची परंपरा वेगळे सांगत असेल, तर ती त्या गटातल्या व्यक्तीने स्वतःपुरती पाळावी, दुसऱ्यावर लादू नये.

दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यानुसार दाराशी उतरण बांधली जाईल. चाकाची खुर्ची, कुबड्या किंवा कॅलिपर वापरणाऱ्यांना पादत्राणे काढण्याचा नियम लागू नाही. त्यांच्यासाठी दाराजवळ स्वच्छ चटईचा पट्टा राहील.

३. जागेची मांडणी

भिंती कोऱ्या राहतील. मूर्ती, तसबीर, क्रूस, ध्वज यांपैकी काहीही कायमचे लावायचे नाही. आणलेली वस्तू वापर संपला की परत न्यायची किंवा कपाटातल्या आपल्या खणात ठेवायची. ग्रंथांसाठी वरचे खण आहेत. ग्रंथ जमिनीवर किंवा पादत्राणांच्या कपाटावर ठेवू नयेत. गुटका साहिब, कुराण, बायबल, ज्ञानेश्वरी, धम्मपद यांपैकी कोणताही ग्रंथ असो, नियम तोच.

छताच्या कोपऱ्यात किब्ल्याची दिशा दाखवणारी छोटी खूण असेल. पुण्यातून ती पश्चिमेपासून किंचित उत्तरेकडे आहे. पूर्वेची खिडकी मोकळी ठेवावी. पारशी प्रार्थना उजेडाकडे तोंड करून होते, आणि सकाळी सूर्याकडे पाहून बसणारे इतरही आहेत.

वुजूसाठी शेजारच्या खोलीत जमिनीलगत नळ, बसायला ओटा आणि उतार दिलेली फरशी केली जाईल. हा खर्च टाळू नये. नळाची सोय नसल्याने हात धुण्याच्या उंच बेसिनमध्ये पाय धुवावे लागतात, पाणी सांडते, फरशी निसरडी होते आणि मग भांडण भलत्याच माणसांत लागते.

सरकता पडदा एकच असेल. कोणालाही आडोसा हवा असल्यास तो ओढावा. पडद्याच्या कोणत्या बाजूला बसायचे हे ज्याने-त्याने ठरवावे. पारलिंगी विद्यार्थ्यांनाही याबाबत कोणी विचारणा करू नये.

४. वेळा

एकट्याने येणाऱ्याला नोंदणी लागत नाही. गटाने किमान दोन दिवस आधी विद्यार्थी विकास कार्यालयात कळवावे. एका गटाला एका वेळी एक तास मिळेल. अर्ध्या तासाचा विचार झाला होता, पण जैन सामायिकच ४८ मिनिटांचे असते. ते मध्येच सोडायला लावणारे वेळापत्रक काय कामाचे? गटाची वेळ चालू असतानाही एकट्याने येणाऱ्यासाठी पडद्यामागचा कोपरा मोकळा राहील.

सूर्यास्तानंतरचा अर्धा तास गट-नोंदणीला बंद राहील. मगरिबच्या नमाजाची वेळ थोडी असते आणि ती वर्षभर सरकत राहते. पुण्यात नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातला. म्हणून दारावरचा तक्ता दर महिन्याला बदलावा.

शुक्रवारी दुपारी १२:४५ ते २ ही वेळ जुम्याच्या नमाजासाठी राखीव आहे. कक्षात चाळीस माणसे मावतात, त्याहून जास्त आल्यास शेजारचे चर्चासत्र दालन उघडावे. रविवारी सकाळची वेळ ख्रिस्ती गटाला आणि दोन्ही एकादशींची संध्याकाळ हरिपाठाला मिळेल. बौद्ध गटाने पौर्णिमेची वेळ मागितली आहे, ती मान्य केली आहे.

चांद्र पंचांगाचे सण दर वर्षी सरकतात, म्हणून वेळापत्रक सत्राच्या सुरुवातीला सगळ्या गटांसमोर बसून ठरवावे. रमजान दर वर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे येतो. २०२७ साली तो फेब्रुवारीत, म्हणजे सत्राच्या ऐन मध्यात येईल. त्या महिन्यात इफ्तारसाठी व्हरांडा खुला राहील. पर्युषणात पहाटे ५ला दार उघडावे. एकाच वेळेसाठी दोन गट आले, तर ज्याची वेळ धर्मानुसार बदलता येत नाही त्याला प्राधान्य मिळेल. दोघांचीही वेळ ठाम असल्यास दुसरे दालन द्यावे.

५. आवाज, धूर, खाणे

कक्षात ध्वनिक्षेपक नाही. टाळ, घंटी, सामूहिक गायन गटाच्या नोंदवलेल्या वेळेतच चालेल. दारे लावावीत, ग्रंथालय शेजारीच आहे.

आत उदबत्ती, धूप, मेणबत्ती, समई लावायची नाही. कारण आगीचे आहे आणि दम्याचेही. व्हरांड्यात कडाप्प्याचा ओटा आणि वाळूची कुंडी ठेवली आहे, ज्योत तिथे लावावी आणि विझेपर्यंत कोणीतरी थांबावे. प्रसाद, लंगर, इफ्तार हेही व्हरांड्यातच. प्रसाद घ्यायचा की नाही, हे घेणाऱ्याने ठरवावे.

गणेशोत्सव, आंबेडकर जयंती यांसारखे मोठे सोहळे या खोलीत होणार नाहीत. त्यांना नेहमीप्रमाणे सभागृहाची परवानगी घ्यावी.

६. देखरेख आणि तक्रार

सात जणांची समिती कक्षावर देखरेख ठेवेल. चार विद्यार्थी, एक प्राध्यापक, एक कर्मचारी आणि विद्यार्थी विकास कार्यालयाचा एक प्रतिनिधी असे सदस्य असतील. विद्यार्थ्यांपैकी दोन अल्पसंख्य समाजांचे आणि एक कोणताही धर्म न मानणारा असावा. एकाच धर्माचे तीनहून अधिक सदस्य नसावेत.

तक्रार तोंडी, लेखी किंवा निनावीही करता येईल. समितीने सात दिवसांत उत्तर द्यावे. ते न पटल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३च्या विनियमांनुसार असलेल्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे आणि पुढे लोकपालांकडे जाता येईल. टिंगल, धमकी, दुसऱ्याच्या ग्रंथाची हेळसांड किंवा चोरून चित्रीकरण हे शिस्तभंग मानले जाईल. नुसत्या गैरसमजातून घडलेल्या गोष्टीत मात्र आधी दोघांना समोरासमोर बसवावे.

या मसुद्यावरील हरकती व सूचना ३१ जुलै २०२६ पर्यंत विद्यार्थी विकास कार्यालयात द्याव्यात. मराठी, हिंदी किंवा इंग्रजी, कोणत्याही भाषेत चालतील. मंजुरीनंतर हे धोरण १ सप्टेंबरपासून लागू होईल आणि दर वर्षी एप्रिलमध्ये वापरणाऱ्यांशी बोलून त्यात दुरुस्ती केली जाईल.